मांजर मागे ठेवून जाताना

दिवाळीची तिकिटं दोन महिने आधी काढून होतात आणि मांजराचं काय करायचं हा प्रश्न वसुबारसेच्या आठवड्यात पडतो. तोवर घरी येऊन मांजर सांभाळणारे भरवशाचे सिटर ठरून गेलेले असतात. पुण्यात हे काम करणाऱ्यांत शिकणारी मुलंमुली बरीच असतात आणि तीही दिवाळीला आपापल्या गावी जातात. मग घाईघाईत पिरंगुटकडची नाहीतर वाघोलीकडची एखादी बोर्डिंगची जागा फोनवरचे फोटो बघून ठरते. फोटोत रंगीत भिंती असतात, लाकडी फळ्या असतात, आणि एखादं मांजर आरामात पसरलेलं असतं.

कॅटरी म्हणजे मांजरांच्या बोर्डिंगची जागा बरी की घरी येणारा सिटर, याचा विचार करताना बहुतेक जण एकटेपणाचा विचार करतात. घरी ते एकटं पडेल, तिकडे निदान माणसं तरी असतील, असं वाटतं. ते वाटणं मायेतूनच येतं, पण ती माया माणसाच्या मापाची आहे. मांजराला आपल्या माणसांइतकीच आपली जागा लागते. गादीचा वास, खिडकीतलं ऊन, कपाटावरची बसायची जागा हे सगळं जागच्या जागी असेल तर दिवसातले बरेच तास ते झोपून काढतं आणि त्यात त्याला काही कमी वाटत नाही. म्हणून निरोगी, मोठ्या मांजरासाठी पहिली पसंती घरालाच द्यावी, हे आमचं मत. मात्र त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा, आणि तो दोन्हीकडे सारखाच लागू आहे. मांजराने खाणं सोडलं किंवा शू थांबली, तर ते कुणाच्या आणि किती तासांत लक्षात येईल?

या प्रश्नाला इतकं वजन देण्याचं कारण मांजराच्या शरीरात आहे. कुत्र्याने दोन दिवस नीट खाल्लं नाही तर बहुतेक वेळा निभावतं. मांजराने, त्यातही लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते. त्यातून होणारा आजार जिवावर बेततो आणि बरा करायला पुष्कळदा नळीने अन्न भरवत आठवडे काढावे लागतात. दुसरा धोका बोक्यांचा. ताणामुळे मूत्राशयाला सूज येते, आणि बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्यामुळे ती खड्यांनी किंवा चिकट द्रवाच्या बोळ्याने बंद होऊ शकते. पूर्ण बंद झाली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. नसबंदी झालेला, घरातच राहणारा, थोडा वजनदार, फक्त कोरडं खाणं खाणारा मधल्या वयाचा बोका या दुखण्याला जास्त बळी पडतो. पुण्यातल्या फ्लॅटमधले कितीतरी बोके नेमके असेच असतात.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन बघू. कोथरूडमधला तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. सहा वर्षांचा, नसबंदी झालेला, पावणेसहा किलोचा बोका. घरची मंडळी सहा दिवस कोकणात. सिटर म्हणून जवळच राहणारी एक मुलगी सकाळ-संध्याकाळ येणार आहे. तिच्याकडे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आहे आणि फ्रिजवर एक वही टांगली आहे. बोक्याचं रोजचं कोरडं खाणं ६० ग्रॅम. ती रोज सकाळी मोजून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजते. पहिल्या दिवशी १५ ग्रॅम उरतं, लिटरमध्ये, म्हणजे शी-शूच्या बॉक्समधल्या भुकटीत, शूचे तीन गोळे, प्रत्येक लिंबाएवढा. दुसऱ्या दिवशी ३० ग्रॅम उरतं, गोळे दोन. खाणं निम्म्यावर आलंय, पण फटाके सुरू झालेत आणि घर रिकामं आहे, तेव्हा एवढा फरक समजण्यासारखा आहे. संध्याकाळी ती खाण्यात दोन चमचे कोमट पाणी घालते आणि फोनवर तसं कळवते. तिसऱ्या दिवशी सकाळी ४५ ग्रॅम उरलेलं असतं आणि लिटरमध्ये सहा-सात गोळे दिसतात, पण प्रत्येक सुपारीएवढा. ती असतानाच बोका दोनदा बॉक्समध्ये जाऊन बसतो, बराच वेळ बसतो आणि उठून मागचा भाग चाटत राहतो.

"काकू, गोळे जास्त आहेत, पण एकदम बारीक आहेत. आत्तासुद्धा बसून उठला, काहीच झालं नाही," ती सांगते. काकू फोनवरूनच ठरलेल्या डॉक्टरांना कळवतात आणि तासाभरात बोका दवाखान्याच्या टेबलावर असतो.

गोळे वाढले म्हणजे शू भरपूर होतेय, असं कुणालाही वाटू शकतं. खरं तर थेंब-थेंब होतेय, म्हणून बोका पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय. गोळ्यांची संख्या आणि आकार दोन्ही बघितले तरच हे कळतं. निरोगी मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार गोळे होतात, पण प्रत्येक मांजराचा आकडा वेगळा असतो. म्हणून निघण्याआधी आठवडाभर आपण स्वतः मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. गोळा होणारं, उदाहरणार्थ बेन्टोनाइट मातीचं, लिटर असेल तरच हा हिशेब जमतो. लाकडाच्या गोळ्यांचं लिटर वापरत असाल तर त्या गोळ्यांचा भुसा होतो आणि शू त्यात मिसळून जाते. पण प्रवासाच्या तोंडावर लिटर बदलू नका. बदलायचंच असेल तर महिनाभर आधी, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत बदला.

याच घरात दुसऱ्या पद्धतीचा सिटर असता तर काय झालं असतं? तो दिवसातून एकदा येतो, वाटी अर्धी दिसली की वरून भरतो, लिटर उपसतो, झोपलेल्या बोक्याचा फोटो पाठवतो आणि "मस्त आहे" म्हणून कळवतो. वरून भरलेल्या वाटीत किती खाल्लं गेलं, हे कुणालाच सांगता येत नाही. उपसून टाकलेले गोळे नंतर मोजता येत नाहीत. आणि दुखणं लपवण्यात मांजराचा हात कुणी धरणार नाही, त्यामुळे फोटोतलं झोपलेलं मांजर आजारी असू शकतं. या सिटरच्या मनात वाईट काही नसतं. त्याला वाटी भरायला सांगितलेली असते आणि तो ती भरतो.

म्हणून सिटर ठरवताना प्राण्यांवर किती प्रेम आहे हे विचारू नये, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. विचारायचं ते असं: मांजर दिसलंच नाही तर तुम्ही काय कराल? "आतच असेल कुठेतरी" हे उत्तर आलं तर दुसरं माणूस शोधा. प्रत्येक फेरीत मांजर डोळ्यांनी दिसलं पाहिजे, चालताना दिसलं पाहिजे, ही अट सुरुवातीलाच सांगावी. त्यासाठी त्याच्या लपायच्या जागांची यादी लिहून द्यावी. वॉशिंग मशीनची मागची बाजू, दिवाणाचा खण, सोफ्याच्या खालचं फाटलेलं अस्तर, माळ्यावरच्या गाद्या. अशा बारीकसारीक जागा घरच्यांना इतक्या सवयीच्या असतात की सांगायच्या राहून जातात.

फेऱ्या दिवसाला दोन, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या. एकच फेरी असेल तर दोन फेऱ्यांमध्ये चोवीस तास जातात, आणि शू अडलेल्या बोक्यासाठी चोवीस तास फार झाले. एक दिवसाआड येणारा सिटर कितीही स्वस्त पडला तरी नको. दिवाळीत वेळाही विचार करून ठरवाव्यात. नरक चतुर्दशीला पहाटेपासून फटाके असतात, लक्ष्मीपूजनाला अंधार पडल्यापासून. संध्याकाळची फेरी पाचच्या सुमाराला झाली तर मांजर बाहेर येऊन खातं. आठ वाजता आलेल्या माणसाला ते पलंगाखालून बाहेर येताना दिसणारही नाही. या दिवसांत रस्त्याच्या बाजूची खोली बंद ठेवून आतल्या खोलीत खोका आडवा टाकून, त्यावर जुनी चादर घालून द्यावी. लपायला जागा मिळाली की भेदरलेलं मांजर लवकर सावरतं.

सिटर स्वतः आजारी पडला तर कोण येणार, हेही त्या दुसऱ्या माणसाच्या नावासकट आधी ठरवून घ्यावं आणि त्या माणसालाही एकदा घर दाखवावं. आणि एक पूर्ण दिवस रंगीत तालीम करावी. तुम्ही गावातच असताना सकाळी बाहेर पडायचं, दोन्ही फेऱ्या सिटरने करायच्या, रात्री परत येऊन वही बघायची. किल्ली अडकते, लॅच आपोआप लागून सिटर बाहेर राहतो, गेटवर सोडत नाहीत, हे सगळे घोटाळे त्याच दिवशी कळतात. गेटचं विशेष सांगायला हवं. बऱ्याच सोसायट्यांत पाहुण्याला सोडायची परवानगी ॲपवर मागतात. तुम्ही विमानात किंवा रेंज नसलेल्या घाटात असाल तर ती परवानगी कुणी देणार नाही आणि सिटर खालूनच परत जाईल. सगळ्या तारखांची आगाऊ नोंद करा आणि वॉचमनकाकांना सिटरची समोरासमोर ओळख करून द्या.

घराच्या तयारीत सगळ्यात मोठी बाब खिडक्यांची. डासांची नायलॉन जाळी म्हणजे मांजरासाठी अडसर नव्हे. नखांनी ती फाटते, आणि समोर कबुतर दिसलं की अंगाच्या धक्क्याने चौकटीसकट निसटते. बाल्कनीला लावलेली कबुतरांची जाळी खालच्या कोपऱ्यात हुकातून सुटलेली आहे का, ते हाताने ओढून बघा. सिटरला झाडांना पाणी घालायला सांगत असाल तर मांजर आतल्या खोलीत बंद करूनच बाल्कनीचं दार उघडायचं, हे लिहून द्या. झाडांचं काम शेजाऱ्यांकडे दिलं तर त्यांनाही हेच सांगा. मांजर निसटायच्या वेळा याच असतात, दुसऱ्या कुणाच्या तरी कामासाठी दार उघडलेलं असतं.

आपोआप खाणं सोडणारं यंत्र असेल तर ते जोडीला ठेवावं, त्याच्यावर विसंबू नये. वीज गेली आणि आत बॅटरी नसली की ते थांबतं, पावसाळ्यात दाणे दमट होऊन तोंडाशी अडकतात. ओलं खाणं वाटीत दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. मुंग्यांसाठी जुना उपाय अजूनही उत्तम आहे. परातीत बोटभर पाणी घालायचं आणि वाटी मधोमध ठेवायची. मुंग्या लागलेल्या वाटीला मांजर तोंड लावत नाही, आणि सिटरला वाटतं त्याला भूक नाही.

घर कितीही चांगलं वाटलं तरी काही मांजरांसाठी बोर्डिंगच योग्य ठरतं. दिवसातून दोनदा भरवशाने येणारं कुणीच नसेल, घरात रंगकाम किंवा फोडाफोडी चालू असेल, खिडक्यांना धड जाळ्या नसतील, किंवा बारा-बारा तासांनी इन्सुलिन द्यायचं असेल आणि सिटरला ते टोचता येत नसेल, तर चांगली कॅटरी शोधावी. ती मात्र फोटोवरून ठरवू नये. प्रत्यक्ष जावं, आणि सकाळी साफसफाईच्या वेळी जावं.

आत पाऊल टाकताच नाक बरंच सांगतं. अमोनियासारखा झणझणीत वास आला तर लिटर वेळेवर उपसलं जात नाही. काळ्या फिनाइलचा उग्र वास आला तर ते आणखी वाईट. फिनॉल जातीची रसायनं मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत. फरशीवरून ती पंजांना लागतात आणि पंजे चाटताना पोटात जातात. शिवाय मांजरांच्या पार्व्होवर, म्हणजे पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूवर, नेहमीची बरीच जंतुनाशकं काम करत नाहीत. हा विषाणू जमिनीवर, पिंजऱ्याच्या फटींत वर्षभर टिकू शकतो. त्यावर साधा उपाय म्हणजे कपड्यांचं ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट. जागा आधी साबणाने धुऊन, साधारण पाच टक्क्यांचं ब्लीच लिटरभर पाण्यात ३० मिलिलिटर घालून फिरवायचं, दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग स्वच्छ धुऊन वाळवायचं. मांजर परत आत यायचं ते जागा कोरडी झाल्यावरच. घाण तशीच ठेवून वरून ओतलेलं ब्लीच वाया जातं. तेव्हा "पिंजरा कशाने आणि कसा धुता?" असं सरळ विचारा. ज्याला हे काम ठाऊक आहे तो मिनिटभरात सांगतो.

दुसरी गोष्ट लसीच्या कार्डाची. जी जागा तुमच्याकडे कार्ड मागत नाही, ती शेजारच्या पिंजऱ्यातल्या मांजराचंही मागत नाही. मांजरांच्या तिहेरी लसीत पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी हे तीन विषाणू येतात, आणि रेबीजची लस वेगळी असते. सुरुवातीचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने होतात आणि शेवटच्या डोसनंतर अंगात पुरेशी ताकद यायला दोनेक आठवडे लागतात. निघायच्या आदल्या दिवशी टोचून नेण्याने कार्ड भरतं, मांजराचं संरक्षण होत नाही. लस घेतलेल्यालाही सर्दी होऊ शकते, हेही माहीत असू द्या. हर्पिस एकदा अंगात शिरला की दबून राहतो आणि ताण आला की आठवडाभराने परत डोकं वर काढतो. म्हणून पिंजऱ्यांमध्ये भरीव भिंत हवी. नुसत्या जाळीची असेल तर एकाची शिंक सरळ दुसऱ्याच्या वाटीत जाते.

मग जागेचं माप बघा. पुष्कळ ठिकाणी कुत्र्याच्या पिलासाठीचे तीन फूट बाय दोन फुटांचे पिंजरे एकावर एक रचलेले असतात. अशा पिंजऱ्यात वाटी आणि लिटर यांत हातभरसुद्धा अंतर राहत नाही, आणि शौचाशेजारी मांजर जेवत नाही. खाणं, झोप आणि लिटर यांत निदान दोन-दोन फुटांचं अंतर, चढून बसायला एक फळी आणि आत शिरायला एक खोका, एवढं तरी असावं. कुत्री त्याच आवारात आहेत का, त्यांचं भुंकणं इथवर येतं का, ते थांबून ऐका. खोलीला एकामागे एक अशी दोन दारं आहेत का, तेही बघा. निसटलेलं मांजर दोन दारांच्या मधे सापडतं, एकच दार असेल तर थेट मुळशीच्या रानात जातं. आणि वेगवेगळ्या घरांतली मांजरं "खेळायला" एकत्र सोडत असतील तर नम्रपणे नाही म्हणा. अनोळखी मांजरं चार दिवसांत मित्र होत नाहीत. त्यातून चावे, सर्दी आणि गजकर्ण मात्र घरी येतं, आणि गजकर्ण माणसांनाही होतं.

इथेही वहीचा प्रश्न सुटत नाही. किती खाल्लं, किती गोळे झाले हे प्रत्येक मांजराचं वेगळं लिहिलेलं कुठे आहे, ते दाखवा म्हणावं. नव्या जागी पहिल्या रात्री भीतीने मांजर खात नाही, कधी शूही रोखून धरतं. म्हणून कॅटरीतल्या माणसाला घाबरलेलं आणि अडलेलं यातला फरक कळायला हवा. घाबरलेलं मांजर कोपऱ्यात गप्प बसून असतं. अडलेला बोका पुन्हा पुन्हा लिटरमध्ये जाऊन कुंथतो, ओरडतो, उलटी करतो. कुंथताना दिसला तर लगेच डॉक्टर. नुसतं गप्प असेल, पण चोवीस तासांत खाणं किंवा शू यांपैकी काहीच झालं नाही, तरी डॉक्टरांना फोन. घरचं लिटर, घरचंच खाणं आणि न धुतलेली एक जुनी चादर बरोबर द्यावी. शक्य असेल तर दोन-तीन आठवडे आधी एक रात्र ठेवून बघावं.

दोन्हीकडे एक कागद मात्र लागतोच. त्यावर मांजराचं वय, वजन, चालू औषधं, ठरलेल्या दवाखान्याचं नाव आणि रात्री उघड्या असणाऱ्या दुसऱ्या दवाखान्याचं नाव असावं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो खरंच उघडा असतो का, हे आधी फोन करून विचारलेलं असावं. "माझा फोन लागला नाही तरी अमुक इतक्या रुपयांपर्यंत उपचार सुरू करावेत" असं लिहून खाली सही करावी, आणि तो कागद दवाखान्यातही देऊन ठेवावा. फोन न लागलेल्या त्या तीन तासांत सिटरला किंवा कॅटरीवाल्याला निर्णय घ्यायची भीती वाटते, आणि ती वाटणं स्वाभाविक आहे. कॅरियर महिनाभर आधीपासून हॉलमध्ये उघडा ठेवावा, आत चादर घालून. माळ्यावरून आयत्या वेळी काढलेला कॅरियर बघून मांजर पलंगाखाली गेलं की डॉक्टरकडे निघायलाच तास जातो.

परत आल्यावर घरात दुसरं मांजर असेल तर बोर्डिंगहून आलेल्याला थेट त्याच्यासमोर सोडू नये. त्याच्या अंगाला परका वास असतो आणि सख्खी भावंडंही एकमेकांवर गुरगुरतात. वेगळी खोली, वेगळं लिटर, आठ-दहा दिवस. तेवढ्यात सर्दी किंवा जुलाब असतील तर बहुतेकदा दिसतात. गजकर्णाला दोन-तीन आठवडेही लागतात, तेव्हा कानांच्या कडा आणि पंजे उजेडात बघत राहावं. आणि बॅगा उघडायच्या आधी मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहावं, मग एकट्याने उभं राहावं, आणि वजाबाकी त्या कागदावर लिहिलेल्या वजनाशी ताडून बघावी. पावणेसहाच्या बोक्यात तीनशे ग्रॅमची घट दिसली, तर वहीत काहीही लिहिलेलं असो, दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना.